राजीनामा इंग्रजीत, विनंती जपानीत: एका पत्राच्या भाषांतराचं प्रकरण

पत्र लिहिणारा सॉफ्टवेअर अभियंता पुण्यात शिकलेला, तोक्योच्या एदोगावा प्रभागातल्या निशि-कासाइ भागात राहणारा. तिथं भारतीयांची वस्ती मोठी आहे. नोकरी एका मध्यम आकाराच्या जपानी कंपनीत, चार वर्षांची आणि कायमस्वरूपी. म्हणजे तिथल्या भाषेत तो ‘सेइशाइन’. दुसरीकडे नोकरी ठरली होती, रुजू व्हायची तारीख 1 ऑगस्ट 2025. त्यानं इंग्रजीत दीड पानी राजीनामा लिहिला आणि मला पाठवला. सोबत एकच ओळ होती: ‘सेन्सेई, जपानीत करून द्या, केइगो बरोबर हवं.’ सेन्सेई म्हणजे गुरुजी, आणि केइगो म्हणजे आदरार्थी भाषा. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत, पत्रव्यवहाराचा मजकूर मात्र तसाच ठेवला आहे.

इंग्रजी पत्र वाईट नव्हतं. सुरुवातीला थेट व्यवस्थापकाचं पहिलं नाव, मग ‘मी या पदाचा राजीनामा देत आहे’, मग दोन आठवड्यांची सूचना. पुढे कारण: माझ्या करिअरच्या उद्दिष्टांशी जास्त जुळणारी संधी मिळाली. त्याखाली एक बोचरा परिच्छेद, की रात्री-बेरात्री सर्व्हर कोसळल्यावर उठून बसण्याची पाळी वाढत गेली आणि त्याबद्दल सांगूनही काही झालं नाही. मग उरलेल्या अठरा दिवसांच्या रजेचा उल्लेख, काम सोपवायला आनंदानं मदत करीन असं आश्वासन आणि शेवटी चार वर्षांच्या ‘अविस्मरणीय प्रवासा’बद्दल आभार. अमेरिकी धाटणीच्या कंपनीत असं पत्र कुणी वाकडी मान न करता स्वीकारेल.

याचं वाक्यागणिक भाषांतर मी केलं नाही. व्याकरणशुद्ध, प्रत्येक क्रियापद नम्र केलेलं दीड पान जपानीत तयार होऊ शकतं, पण तिथं राजीनाम्याचा असा कागद नसतो. इंग्रजीतलं एक पत्र चार कामं करतं: औपचारिक मागणी, कारणाची चर्चा, कामाची व रजेची व्यवस्था आणि निरोप. जपानी कार्यालयात ही कामं वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांसमोर आणि आदराच्या वेगवेगळ्या पातळीवर होतात. म्हणून आधी पत्राची फोड केली. दाखल करायच्या कागदात तीन ओळी गेल्या, व्यवस्थापकाशी तोंडी बोलायला दोन वाक्यं, रजेसाठी एक ईमेल आणि शेवटच्या दिवशी निरोपाचं पत्र. बोचरा परिच्छेद यापैकी कशातच बसला नाही. त्याचं काय केलं ते पुढे येईल.

पहिला प्रश्न कागदाच्या नावाचा होता. राजीनाम्याला जपानीत तीन नावं आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘जिह्यो’ हा संचालक, मोठे पदाधिकारी आणि सरकारी नोकर यांचा. साध्या अभियंत्यानं तो दिला तर लोक गालातल्या गालात हसतील. उरले दोन. ‘ताइशोकु-नेगाइ’ म्हणजे नोकरी सोडू देण्याची विनंती आणि ‘ताइशोकु-तोदोके’ म्हणजे नोकरी सोडत असल्याची सूचना. विनंती कंपनीनं मान्य करावी लागते, आणि मान्य होईपर्यंत ती साधारणपणे मागे घेता येते. सूचना पोचली की परतीचा रस्ता जवळपास बंद होतो.

कायद्यानं पाहिलं तर कर्मचाऱ्याला परवानगी मागायची गरजच नाही. जपानच्या नागरी संहितेच्या 627व्या कलमानुसार मुदत न ठरलेल्या नोकरीत कर्मचारी केव्हाही सोडत असल्याचं सांगू शकतो आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी करार संपतो. मुदतीच्या करारावरच्या माणसाला हे कलम लागू पडत नाही, म्हणून करार कोणता ते मी आधी विचारून घेतलं होतं. पण अधिकार आहे म्हणून पहिल्याच दिवशी सूचना पुढ्यात टाकायची, हे तिथं फटकळपणाचं ठरतं. या कंपनीच्या नियमावलीत महिनाभर आधी कळवावं असंही लिहिलेलं होतं. म्हणून आधी विनंती, तारीख नक्की झाल्यावर लागली तर सूचना, असा क्रम ठरवला आणि दोन आठवड्यांची मुदत पत्रातून काढून टाकली.

आता मजकूर. मुख्य वाक्य त्यानं स्वतः जपानीत करून पाहिलं होतं: ‘ताइशोकु सासेते इतादाकिमासु.’ त्याच्या कार्यालयात दिवसभर कानावर पडणारा सगळ्यात नम्र प्रत्यय ‘सासेते इतादाकु’ हाच, त्यामुळे त्यानं तोच उचलला. त्याचा अर्थ साधारण ‘आपल्या अनुमतीनं मी हे करत आहे’ असा होतो. जपानच्या सांस्कृतिक व्यवहार संस्थेच्या परिषदेनं 2007 साली आदरार्थी भाषेची मार्गदर्शिका काढली, तिच्यात या प्रयोगाच्या दोन अटी सांगितल्या आहेत: समोरच्याची परवानगी असणं आणि त्यातून आपलं भलं होत असल्याची भावना असणं. इथं परवानगी अजून मागायचीच होती. मागण्याआधीच ‘आपल्या अनुमतीनं’ म्हटलं की ती गृहीत धरली जाते. वरून कमालीचं नम्र दिसणारं हे वाक्य प्रत्यक्षात निर्णय ऐकवून मोकळं होतं. शिवाय कागदाचं शीर्षक विनंतीचं आणि वाक्य घोषणेचं, असा विसंवादही होतो. तिथल्या मनुष्यबळ विभागातली माणसं हेच आधी बघतात: शीर्षक आणि शेवटचं क्रियापद एकमेकांशी जुळतात का?

योग्य वाक्य फार जुनं आणि ठरलेलं आहे. नवं काही सुचवायला जाऊ नये. अंतिम कागद असा झाला. मूळ जपानी लिपीत होता, इथे वाचता यावा म्हणून देवनागरीत देतो:

> ताइशोकु-नेगाइ
>
> वाताकुशि-गि
>
> कोनो ताबि, इश्शिन्जोओ नो त्सुगोओ नि योरि, कितारु रेइवा नाना-नेन शिचि-गात्सु सान्जूइचि-निचि ओ मोत्ते ताइशोकु इताशिताकु, कोको नि ओ-नेगाइ मोओशिआगेमासु.

मराठीत भाव असा: ‘माझ्यापुरतं सांगायचं तर, वैयक्तिक कारणास्तव येत्या 31 जुलै 2025 अखेर नोकरी सोडण्याची माझी इच्छा असून, तशी नम्र विनंती आपणापुढे सादर करत आहे.’ रेइवा हे सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव. तो काळ 1 मे 2019ला सुरू झाला, म्हणून 2025 हे रेइवाचं सातवं वर्ष. औपचारिक कागदावर बहुधा हेच वर्ष लिहितात. ‘ओ मोत्ते’मध्ये तो दिवस धरला जातो, म्हणजे 31 तारखेला तो अजून कंपनीचा माणूसच आहे.

सगळी खुबी त्या वाक्यातल्या दोन क्रियापदांत आहे. ‘इताशिताकु’ हे ‘करणे’चं नम्र रूप, आणि ‘मोओशिआगेमासु’ हे ‘म्हणणे, सादर करणे’चं नम्र रूप. दोन्ही नम्र, पण एकाच जातीची नाहीत. वर सांगितलेल्या मार्गदर्शिकेनं यांचे वेगळे गट केले आहेत. मोओशिआगेरु हे क्रियापद ती कृती ज्याच्या दिशेनं जाते त्याला उंच करतं. कागद कंपनीच्या अध्यक्षांच्या नावानं असतो, विनंती त्यांच्याकडे जाते, म्हणून ते विनंतीला लावायचं. नोकरी सोडणं ही कृती अध्यक्षांच्या दिशेनं जात नाही, ती माझी मलाच. म्हणून तिला इतासु. हे क्रियापद कुणालाही उंच करत नाही, फक्त वाचणाऱ्यासमोर बोलणं अदबीचं करतं. आदर कोणत्या कृतीला आणि कुणासाठी, हे एकदा कळलं की बाकी वाक्य आपोआप उभं राहतं. त्यानं दोन्ही कामं एकाच जड प्रत्ययावर टाकली होती, म्हणून त्याचं वाक्य बोजड झालं होतं.

मराठी माणसाला याचं फार नवल वाटायला नको. ‘माझा राजीनामा मंजूर व्हावा, ही नम्र विनंती’ असं आपल्या शाळा-कार्यालयांत आजही लिहितात, आणि ‘मी राजीनामा देत आहे, नोंद घ्यावी’ असं लिहिणाऱ्याकडे हेडक्लार्क चष्म्यावरून बघतात. या अभियंत्यानं इंग्रजीऐवजी मराठीतून विचार केला असता तर पत्र निम्मं बरोबर आलं असतं, असं माझं मत आहे.

त्याच्या मसुद्यात आणखी दोन खटकणाऱ्या जागा होत्या. कंपनीचा उल्लेख त्यानं ‘किशा’ असा केला होता. लेखी पत्रात समोरच्या कंपनीला मान देऊन म्हणायचा हा शब्द, नोकरीच्या अर्जात हमखास येतो. पण 31 जुलैपर्यंत तो त्याच घरातला. शिवाय तीन ओळींच्या कागदात कंपनीचा उल्लेख पत्त्याखेरीज कुठे लागतच नाही, म्हणून शब्द बदलण्याऐवजी उल्लेखच काढला. दुसरी जागा मायन्याची. व्यवस्थापकाचं पहिलं नाव गेलं, आणि त्याच्या जागी व्यवस्थापकाचं आडनावही आलं नाही. पत्र हातात द्यायचं असतं व्यवस्थापकाच्या, पण लिहायचं असतं कंपनीच्या अध्यक्षांना, पूर्ण पदनाम, पूर्ण नाव आणि पुढे ‘दोनो’ किंवा ‘सामा’. त्यानं अध्यक्षांच्या पदाला ‘सामा’ जोडून ‘शाचोओ-सामा’ केलं होतं. शाचोओ हे पदच मानाचं आहे. त्यावर सामा म्हणजे ‘श्री. साहेबराव’सारखी दुहेरी सजावट. पद आधी, मग नाव, मग नावाला सामा, असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

कागदावरची मांडणी हाही आदराचाच भाग आहे आणि भाषांतर म्हटलं की लोक तिच्याकडे हमखास दुर्लक्ष करतात. कंपनीनं हाती लिहिलेला कागद मागितला होता. तो उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे लिहायचा. ‘वाताकुशि-गि’, म्हणजे ‘मी, माझ्यापुरतं’, हे ओळीच्या अगदी तळाशी लिहितात, जरा बारीक अक्षरात. मजकूर पुढच्या ओळीत वरून सुरू होतो. स्वतःला कागदावरही खाली बसवायचं, असा तो संकेत. मजकुरानंतर सादर करण्याची तारीख, मग विभाग आणि स्वतःचं नाव, तेही तळाकडे. सगळ्यात शेवटी डावीकडे अध्यक्षांचं नाव, आणि ते आपल्या नावापेक्षा वर सुरू झालं पाहिजे. त्यानं सरावासाठी लिहिलेल्या पहिल्या कागदाचा फोटो पाठवला तेव्हा अक्षर सुरेख होतं, वाक्य बरोबर होतं, पण त्याचं स्वतःचं नाव अध्यक्षांच्या नावापेक्षा दोन बोटं वर गेलं होतं. तो कागद बाजूला ठेवून दुसरा लिहायला सांगितला. नाव कताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, कंपनीच्या नोंदीत जसं आहे तसंच. त्याच्याकडे हांको, म्हणजे नावाचा शिक्का, नव्हता. त्यानं सही केली आणि कंपनीनं ती चालवून घेतली. पाकीट पांढरं, पिनकोडाच्या लाल चौकटी नसलेलं, कागद तीन भागांत दुमडून आत.

आता त्या बोचऱ्या परिच्छेदाकडे. ‘इश्शिन्जोओ नो त्सुगोओ’, म्हणजे वैयक्तिक कारण, या एका शब्दसमूहात नवी संधी, जुना राग, आईचं आजारपण, सगळं मावतं. तपशील द्यायचा नाही, नव्या कंपनीचं नाव तर मुळीच नाही. त्याला हे पटेना. चार वर्षं सोसलेलं पाकिटात एका ओळीनं झाकायचं का, असं तो म्हणाला. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, आणि हा प्रश्न नुसत्या शिष्टाचाराचा नाही. हे शब्द लिहिणं म्हणजे ‘मी माझ्या मर्जीनं सोडलं’ असं सहीनिशी देणं. बेरोजगारी विम्यात याचा फरक पडतो. स्वेच्छेनं सोडणाऱ्याला सुरुवातीच्या सात दिवसांनंतर आणखी काही काळ भत्ता मिळत नाही. एप्रिल 2025पासून हा काळ साधारणपणे एक महिन्याचा आहे, त्याआधी दोन महिन्यांचा होता. याउलट, कंपनीनंच जायला भाग पाडलं असेल किंवा सोडण्याआधीच्या सहा महिन्यांत जादा काम ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं असेल, उदाहरणार्थ सलग तीन महिने दरमहा 45 तासांहून जास्त किंवा एखाद्या महिन्यात 100 तासांहून जास्त, तर अधिक सवलतीच्या वर्गात जागा मिळू शकते.

म्हणून हा शब्दसमूह लिहिण्याआधी मी त्याला हजेरीच्या नोंदी काढून तास मोजायला लावले. ते मर्यादेच्या आत होते, आणि पुढची नोकरी हातात असल्यामुळे भत्त्याचा प्रश्नही नव्हता. तेव्हा ठरलेलं वाक्य ठेवण्यात त्याचं नुकसान नव्हतं. कंपनीनं ‘तूच राजीनामा दे’ असं सुचवलं असतं तर मी ते वाक्य लिहून दिलं नसतं. भाषांतरकारानं अशा वेळी नम्रतेच्या नावाखाली माणसाचा हक्क लिहून टाकू नये.

तक्रार मात्र सोडून द्यायची नव्हती. ती कामाच्या हस्तांतराच्या टिपणात गेली, तक्रार म्हणून नव्हे तर वस्तुस्थिती म्हणून: रात्रीच्या पाळीत कोणते इशारे किती वेळा येतात, त्यातले निरर्थक कोणते, दोन माणसांत पाळी वाटली तर काय होतं. तिथं आदरार्थी भाषेची गरजही कमी असते, रोजच्या सभ्य बोलण्यातलं साधं ‘देसु-मासु’ पुरतं. आणि वाचणारा तेच सहन करणार असल्यामुळे ते वाचलंही जातं.

कागद तयार झाल्यावरही तो थेट द्यायचा नाही. आधी व्यवस्थापकाला एकांतात वेळ मागायची, मनुष्यबळ विभागाकडे आधी जाणं हा व्यवस्थापकाचा अपमान. त्यासाठीचं वाक्य: ‘गो-सोओदान शिताइ कोतो गा गोझाइमाशिते, ओ-जिकान ओ इतादाकेनाइ देशोओ का.’ एका गोष्टीबद्दल आपला सल्ला हवा होता, थोडा वेळ मिळू शकेल का? निर्णय झालेला असतानाही शब्द ‘सल्ला’ हाच. त्याला हे ढोंगी वाटलं. मला वाटत नाही, कारण ऐकणाऱ्यालाही हे वाक्य कानावर पडताच काय येणार ते कळतं, आणि त्याला दार लावून घ्यायला वेळ मिळतो.

सोमवारी, 9 जूनला त्यानं पाकीट दिलं. व्यवस्थापक म्हणाले, ‘आझुकात्ते ओकिमासु’, सध्या माझ्याकडे ठेवून घेतो. यानं तो खूश झाला, मी नाही. ठेवून घेणं म्हणजे स्वीकारणं नव्हे. विनंतीचं पाकीट खणात पडून राहणं हा तिथला नेहमीचा अडथळा आहे आणि विनंतीचा कमकुवतपणाही हाच, की उत्तराशिवाय ती अधांतरी राहते. म्हणून आठवडाभरानं पाठवायचा ईमेल आम्ही आधीच लिहून ठेवला: परवा दिलेल्या विनंतीबाबत आपलं मत कळवलंत तर आभारी होईन. शेवट ‘ओ-किकासे इतादाकेमासु तो साइवाइ देसु’. आठवणही झाली आणि रेटाही दिसला नाही. त्यालाही उत्तर आलं नसतं तर पुढची पायरी सूचनेची होती: तोच मजकूर, शीर्षकात ‘तोदोके’ आणि शेवटी नुसतं ‘ताइशोकु इताशिमासु’, विनंतीचा भाग गाळून. ती वेळ आली नाही. ईमेलनंतर दोन दिवसांनी तारीख मान्य झाली. मग मनुष्यबळ विभागानं आपल्या छापील नमुन्यावर सूचनाही भरून घेतली, कारण त्यांच्या दप्तराला तीच लागते.

रजेच्या ईमेलात गंमत झाली. मुख्य कागदातून हद्दपार केलेला ‘सासेते इतादाकु’ इथे परत आला. ‘उरलेली भरपगारी रजा 7 जुलैपासून घेऊ द्यावी अशी इच्छा आहे’ हे ‘शुतोकु सासेते इतादाकिताकु झोन्जिमासु’ असं लिहिलं. रजा हा हक्क आहे, आणि नोकरी संपण्याच्या तारखेपलीकडे कंपनी ती ढकलूही शकत नाही. पण दिवस कोणते हे समोरच्याशी जुळवून घ्यायचं असतं आणि फायदा आपला असतो, म्हणून दोन्ही अटी भरतात. हिशेब असा: 21 जुलैला समुद्रदिनाची सुट्टी, ती आणि शनिवार-रविवार वगळले तर 7 ते 31 जुलैमध्ये कामाचे बरोबर अठरा दिवस येतात. म्हणजे कार्यालयात शेवटचा दिवस शुक्रवार 4 जुलै. ‘आनंदानं मदत करीन’ या इंग्रजी वाक्याचं ‘योरोकोन्दे’ केलं नाही. काम सोपवणं ही मेहेरबानी नाही, म्हणून ‘सेकिनिन ओ मोत्ते’, जबाबदारीनं, पूर्ण करीन असं लिहिलं.

‘अविस्मरणीय प्रवास’ निरोपाच्या पत्रातही आला नाही. तिथं ‘झाइशोकु-चू वा ताइहेन ओ-सेवा नि नारिमाशिता’ हे वाक्य येतं: इथं असताना आपण माझं फार केलंत. प्रवास माझा, पण कर्ता तुम्ही, असा त्याचा रोख. आणि आरंभी, प्रत्यक्ष येऊन निरोप घ्यायला हवा होता, पण ईमेलनं घेतोय, क्षमस्व. सहकाऱ्यांसाठी त्यानं ‘गो-कुरोओ-सामा’ लिहिलं होतं, ते काढलं. ते वरच्यानं खालच्याला म्हणायचं असतं. त्याऐवजी ‘ओ-त्सुकारे-सामा’.

शेवटचं काम भाषांतराचं नव्हतं, पण विचारलं म्हणून सांगितलं. अभियंत्याच्या निवास परवान्यावर राहणाऱ्यानं नोकरी सोडल्याची आणि नवी धरल्याची नोंद 14 दिवसांत इमिग्रेशन संस्थेकडे करायची असते. ती ऑनलाइन होते, आणि अर्जात नम्र क्रियापद एकही लागत नाही.